सराफाची भिशी: शेवटचा हप्ता दुकान भरतं, मग व्याज किती पडलं?

जुळेसोलापूरकर: मंडळी, मदत हवी आहे. बायकोसाठी पाटल्या करायच्या आहेत. सराफ बाजारातल्या एका दुकानात भिशी आहे: दरमहा ५,००० असे ११ हप्ते आपण भरायचे, बारावा दुकान भरणार. पहिल्या हप्त्यापासून वर्ष झालं की ६०,००० चा दागिना. बँक आरडीला ६.५ टक्के देते. भिशीत वर्षाला किती पडतात?

हिशोबी: ५५,००० वर ५,००० म्हणजे ९ टक्के. सरळ गणित आहे.

पेठेतली_ताई: माझी तर भिशी मध्येच तुटली. गड्ड्याच्या यात्रेत दुकान लावलं होतं, त्या गडबडीत दोन हप्ते राहिले. वर्षाअखेर माझेच पैसे तेवढे दागिन्यात वळते केले, दुकानाचा हप्ता गेला. पुस्तिकेच्या मागे बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं.

जुना_कारकून: हिशोबी, तुमचे ९ टक्के बरोबर आहेत, पण ते वर्षाचे नाहीत. सगळे ५५,००० वर्षभर दुकानात नसतात. पहिला हप्ता १२ महिने राहतो, अकरावा फक्त २. सरासरी ७ महिने. ७ महिन्यांत ९ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण साडेपंधरा.
पण जुळेसोलापूरकर, एवढ्यावर भुलू नका. खरी मेख घडणावळीत आहे. समजा हे दुकान १४ टक्के घेतं आणि शेजारचं ८. सोन्याचा भाव दोन्हीकडे सारखा. ६०,००० मधून ३ टक्के जीएसटी आणि १४ टक्के घडणावळ वजा केली की सोनं उरतं सुमारे ५१,१०० चं. तेवढ्याच सोन्याचा दागिना शेजारी ५६,८४० ला मिळाला असता. म्हणजे तुमचा खरा फायदा ५,००० नाही, १,८४०. वर्षाला पावणेसहा टक्के, आरडीपेक्षा कमीच.

नवीपेठ_नाना: पण सोनं वाढलं तर त्याचा फायदा वेगळा मिळेलच की ओ!

जुळेसोलापूरकर: नाना, पुस्तिकेत हप्ता रुपयांतच लिहितात, ग्रॅममध्ये नाही. वर्षाअखेरच्या भावाने खरेदी. सोनं महागलं तर उलट वजन कमी मिळणार.

जुना_कारकून: बरोबर. हप्त्याच्या दिवशीच्या भावाने ग्रॅम जमा करणाऱ्या योजना वेगळ्या. आणखी एक, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, सराफाकडच्या हप्त्यांना नाही.

पेठेतली_ताई: वेढणं घेतलं तर घडणावळ वाचेल ना?

जुना_कारकून: वाचेल, पण बऱ्याच दुकानांत भिशीवर वेढणं किंवा नाणं देत नाहीत. आधी विचारा.

जुळेसोलापूरकर: आज जाऊन आलो. वेढणं नाहीच, दागिनाच घ्यावा लागेल. रोख परत मागितली तर फक्त भरलेले पैसे. पाटल्यांची घडणावळ पुस्तिकेवर लिहून द्या म्हटलं, तर म्हणाले, “तेव्हाचं तेव्हा बघू, तुम्ही घरचेच आहात.” उद्या आणखी दोन दुकानांत घडणावळ विचारतो. तोवर पहिला हप्ता थांबवलाय.