मुद्द्यांवरून कथा: तात्पर्य गोष्टीतून यावं की ठरलेलं असावं?

दहावीची आई: सराव परीक्षेत कथालेखनाला मुद्दे होते: गरीब मुलगा – बाजारात पाकीट सापडणे – आत पैसे व औषधांची चिठ्ठी – मोह – ... – शेवट – तात्पर्य. मुलीनं लिहिलं, की तो चिठ्ठीवरच्या दवाखान्यात जाऊन पाकीट परत करतो, पण आजोबा पैसे मोजतात आणि कमी भरल्यावर त्याच्यावरच आळ घेतात. शेवटी कळतं, खिसेकापूनं पैसे आधीच काढले होते. तात्पर्य: 'प्रामाणिक माणसालाही आळ सोसावा लागतो.' पाचपैकी दोन गुण, आणि शेजारी लाल शाईत 'प्रामाणिकपणाचे फळ गोड असते'. हे योग्य आहे का?

वाडीकर: योग्यच आहे. या मुद्द्यांचा रोख प्रामाणिकपणाकडे आहे, हे पाचवीतलं पोरही सांगेल. परीक्षकासमोर गठ्ठा असतो, त्याला ओळखीचं तात्पर्य दिसलं की तो निश्चिंत होतो. पंचतंत्रापासून हीच रीत आहे. गोष्ट संपते, मग बोध येतो, आणि तो सदाचाराचाच असतो.

खडू-फळा: मी बरीच वर्षं दहावीचे मराठीचे पेपर तपासले. पंचतंत्राबद्दलचं वाक्य अर्धंच खरं आहे. तिथे बहुतेकदा आधी एक पात्र श्लोक म्हणतं, ऐकणारा 'कथमेतत्?' विचारतो आणि मग गोष्ट सुरू होते. ससा सिंहाला विहिरीत उडी मारायला लावतो, त्यातला बोध बुद्धीच्या बळाचा आहे, सदाचाराचा नाही. तेव्हा मुलीचं तात्पर्य कडू आहे म्हणून गुण कापणं मला पटत नाही.

पण मीही पाच दिले नसते. मुद्द्यांत 'मोह' दिलेला आहे. कथेचं वळण तिथे आहे, आणि ते तिनं ओलांडून टाकलेलं दिसतं. शिवाय खिसेकापू मुद्द्यांत नाही. नवं पात्र आणायला हरकत नसते, पण ते अगदी शेवटी उगवलं तर तात्पर्य मुद्द्यांवर न टेकता त्या उपऱ्या पात्रावर टेकतं. तपासणाऱ्याला तिथेच जोड दिसते.

तिचंच तात्पर्य ठेवून ही कथा अशी लिहिता येईल:

'भाजीच्या गाड्यामागे रघूला पाकीट दिसलं. चेन उघडी, एक कप्पा उलटा झालेला. आत दोनशे रुपये आणि औषधांची चिठ्ठी. घरी आई तापानं फणफणली होती. रघू औषधाच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेला. नोट काढताना चिठ्ठीवरचं "रोज, न चुकता" वाचलं आणि तो मागे फिरला. चिठ्ठीवरच्या दवाखान्यात आजोबा बाकावर बसले होते. त्यांनी पैसे मोजले. "पाचशे होते! बाकीचे कुठे गेले?" रघूनं उलटा कप्पा दाखवला. आजोबा काही बोलले नाहीत. रघू रिकाम्या हातानं घरी निघाला.'

उघडी चेन आणि उलटा कप्पा पहिल्या काही ओळींतच आल्यामुळे खिसेकापूचं नावही घ्यावं लागलं नाही. मोहाला पायरी मिळाली. शब्दही शंभराच्या आत आहेत. आता तात्पर्य वरच्या प्रत्येक ओळीशी जोडून दाखवता येतं. एक साधी परीक्षा सांगतो: तात्पर्य झाकून कथा दुसऱ्याला वाचायला द्या. तो जे सांगेल ते तुमच्या वाक्याच्या जवळपास आलं, तर कथा जमली.

सांजवेळ: आमच्याकडे वेगळाच त्रास आहे. मुलगा दोन पानं लिहितो, मग निबंधाला वेळच उरत नाही. तात्पर्य आधी लिहून ठेवलं तर चालेल का?

खडू-फळा: कच्च्या कामात जरूर लिहा. वाक्य आधी ठरलं, की त्याच्याशी संबंध नसलेले प्रसंग आपोआप गळतात. मोहाला निम्मी जागा द्या, बाजाराच्या वर्णनाला एक वाक्य पुरे.

ओवी: मला तर तात्पर्य लिहायला लावणंच खटकतं. वरची कथा 'रिकाम्या हातानं' इथे संपली आहे. त्याखाली बोध चिकटवला की वाचणाऱ्याचा विचार थांबतो. इसापच्या गोष्टींखालचे बोधही पुष्कळदा नंतरच्या संकलकांनी जोडलेले आहेत.

खडू-फळा: इसापबद्दल मान्य. पण आपल्याकडे महानुभाव पंथाचा 'दृष्टान्तपाठ' हा ग्रंथ आहे. त्यात सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरस्वामींचे, दार्ष्टान्तिक म्हणजे दृष्टान्ताचा उलगडा केशोबासांचा. अर्थ दुसऱ्या हातानं लिहिलेला असूनही हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टान्त फिका पडत नाही. अर्थ लिहून दाखवणं ही वाचण्याचीच एक कसोटी आहे, म्हणून परीक्षेत ते मागणं मला गैर वाटत नाही.

ओवी: केशोबास भक्त होते, गुणांसाठी लिहीत नव्हते. मुलांना बोध सुभाषितांच्या साच्यातच सुचायला लागतो, माझी तक्रार ती आहे.

वाडीकर: उलट्या कप्प्याची युक्ती आवडली. तरी माझ्या मुलाला मी बोर्डात गोड फळच लिहायला सांगेन. प्रत्येक तपासनीस तुमच्यासारखा थांबून वाचत नाही.

दहावीची आई: लेकीला वाचून दाखवलं. पायरीचा प्रसंग ती घालणार आहे, पण आजोबा शेवटी गप्प बसलेले तिला पटत नाहीत. त्यांनी माफी मागायलाच हवी म्हणते. मग तात्पर्य बदलावं लागेल का?