शेवगा, डिंक, पांढरा रस्सा : खरंच फरक पडतो का? (महिना ५०० रुपये)

रंकाळाकर३८
वय ३८. चार-पाच महिने झाले, इच्छा होते पण ताठरपणा टिकत नाही. शेवगा सुरू केलाय, आईला वाटतं मला आमटी आवडते. रोजच्या जेवणात अजून काय घ्यावं? ५०० च्या वर जमणार नाही.

तालीमवाला
भावा, ५०० त काय होतंय? सकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, बदाम-खारीक आणि आठवड्यातनं दोनदा मटण, पांढऱ्या रश्श्यासकट. आमच्या तालमीत एकाची तक्रार नाही.

जुना_बुधवार
तालमीतली पोरं विशीतली आहेत ओ, रोज जोर-बैठका मारत्यात. श्रेय दुधाला कसं देताय?

कागलची_सून
आमच्याकडं दोन वर्षं दिवस जात नव्हते. मिस्टरांना रोज मूठभर अक्रोड दिले, आता मुलगी आहे. अक्रोडच घ्या.

लॅबमधला
ताई, तुमचा प्रश्न वेगळा होता. अक्रोड, बदाम, हेझलनट मिळून रोज ६० ग्रॅम १४ आठवडे खाल्ल्यावर निरोगी तरुणांच्या शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल सुधारली, असं स्पेनमधल्या एका प्रयोगात दिसलं. इथं प्रश्न ताठरपणाचा, म्हणजे बहुतेक वेळा रक्तपुरवठ्याचा आहे. त्या जागच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून साखर किंवा बीपीचा त्रास आधी तिथं जाणवतो. शेवग्याचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झालेत. भाजी चांगली आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. उपाशीपोटी साखर आणि बीपी तपासा, ५०० त बसतं.

उचगावकर
माझंच सांगतो. वय ४४, हाच त्रास. तीन महिने रोज दोन डिंकाचे लाडू खाल्ले, तूप-गूळ भरपूर. त्रास वाढला. शेवटी तपासलं तर उपाशीपोटी साखर १६८, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे HbA1c ८.९ टक्के. लाडू बंद, गोळी सुरू, रोज रंकाळ्याला फेरी. सहा महिन्यांनी सरासरी ६.८ वर आली, तेव्हा कुठं फरक पडला. पूर्ण पहिल्यासारखं नाही, पण बरंच.

तालीमवाला
डिंकाला नावं ठेवू नका. बाळंतिणीला देतात ते उगाच?

पन्हाळा_रोड
माझ्याकडं एक आयुर्वेदिक चूर्ण आहे. दुधातनं घेतलं की तासाभरात काम होतं. ८०० ला डबी, पण वसूल.

लॅबमधला
तासाभरात? अन्न असं काम करत नाही. असल्या चूर्णांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं अनेकदा सापडलंय. छातीत दुखल्यावर जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यानं ते घेतलं तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. घरात तशी गोळी असेल तर डबी लपवून ठेवू नका, सांगून टाका.

पन्हाळा_रोड
मला दोन वर्षांत काही झालं नाही.

रंकाळाकर३८
सगळ्यांचे आभार. चूर्ण घेणार नाही, वडिलांची जिभेखालची गोळी घरात आहे. साखर तपासायची हिंमत आत्ता होत नाही, जोतिबाची यात्रा झाल्यावर बघतो. तोवर शेवगा चालू ठेवतो.

उचगावकर
मीही तीन महिने असंच म्हटलं होतं. उद्या सकाळी उपाशीपोटी जा, मी सोबत येतो.