'दबावगट' की 'हितगट'? आणि 'लॉबिंग'चे काय करावे?

अपर्णा : राज्यशास्त्रावरील एका पुस्तकाचा अनुवाद करताना मी 'इंटरेस्ट ग्रुप'साठी 'हितगट' आणि 'प्रेशर ग्रुप'साठी 'दबावगट' असे दोन शब्द वापरले होते. संपादकांनी सर्वत्र 'दबावगट' केले, आणि 'लॉबिंग'च्या जागी 'मोर्चेबांधणी' घातले. मला दोन्ही बदल खटकतात. आपले मत काय?

मुकुंद : 'मोर्चेबांधणी' निवडणुकीच्या तिकिटासाठी होते, कायद्यातील कलमासाठी नव्हे. माझ्या मते सरळ 'वशिलेबाजी' म्हणावे, कारण पैसे चारून काम करून घेणे हाच त्या व्यवहाराचा गाभा आहे. मूळ शब्दही तिथलाच आहे. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट हे एका हॉटेलच्या लॉबीत बसत आणि कामे घेऊन येणारे लोक त्यांना तिथे गाठत, त्यावरून 'लॉबिस्ट' आला.

श्रीधर देव : मुकुंदराव, ग्रँट यांची कथा रंजक असली तरी ती व्युत्पत्ती नव्हे. ते 1869 मध्ये अध्यक्ष झाले, आणि विधिमंडळाच्या दालनाबाहेर सदस्यांना गाठणाऱ्यांसाठी हा शब्द त्यापूर्वी कित्येक दशके रूढ होता. लाचेबद्दल आपण अर्धे बरोबर आहात. ती दिली जाते, पण ती दिली नाही तरी लॉबिंग होतेच. बहुतेक काम विधेयकाच्या मसुद्यावर चालते: समितीपुढे साक्ष देणे, आकडेवारी पुरवणे, एखाद्या कलमाचा पर्यायी मजकूर तयार करून देणे. सदस्याला प्रत्येक विषयाचा अभ्यास करण्याइतका वेळ नसतो, आणि तयार मजकूर घेऊन येणारा माणूस तिथेच उपयोगी पडतो.

अपर्णाताई, 'दबाव' हा शब्द कुठे चपखल बसतो ते एका उदाहरणाने सांगतो. अमेरिकेत दारूबंदीसाठी 1869 मध्ये 'प्रोहिबिशन पार्टी' हा पक्ष निघाला. तो अध्यक्षपदासाठी उमेदवार उभे करी, परंतु त्याची सर्वोत्तम कामगिरी 1892 मधील सुमारे सव्वादोन टक्के मते एवढीच राहिली. ओहायोत 1893 मध्ये स्थापन झालेल्या 'अँटी-सलून लीग'चे उद्दिष्ट तेच होते, मात्र तिने स्वतःचे उमेदवार उभे केले नाहीत. कोणत्याही पक्षाचा उमेदवार असो, दारूबंदीच्या बाजूने मत देणार का, एवढेच ती पाही. 1905 मध्ये ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर हेरिक यांनी दारूविषयक विधेयक सौम्य करायला लावले, तेव्हा लीगने चर्चमधील मतदारांना त्यांच्याविरुद्ध उभे केले. हेरिक पडले, पण त्याच निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे इतर उमेदवार राज्यात निवडून आले. लोक पक्षावर नाराज नव्हते, त्यांनी एकाच माणसाला वेचून पाडले होते, आणि गटाचा प्रभाव ओळखण्याची खूण तीच. 1919 मध्ये दारूबंदीची घटनादुरुस्ती संमत झाली, ती याच पद्धतीने दोन्ही पक्षांतून मते जमवून.

मुकुंद : मग त्या लीगला पक्ष का म्हणू नये? मते तर तीही फिरवत होती.

श्रीधर देव : पक्षाला सत्ता हवी असते, म्हणून त्याला कर, सैन्य, शेती, शिक्षण या सगळ्यांवर भूमिका घ्यावी लागते आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा हिशेब द्यावा लागतो. लीगला एका विषयावरचे एक मत पुरत होते. तिची ताकद यातच होती, आणि मर्यादाही. कायदा झाल्यावर तो राबवण्याची जबाबदारी सरकारवर पडली, आणि 1933 मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली.

वैशाली : माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी कर्णबधिर मुलांच्या पालकांच्या संघटनेत काम करते. एका नियमावलीच्या मसुद्यात 'शक्यतो सोय करावी' असे होते. आम्ही 'शक्यतो' हा शब्द काढण्याची विनंती समितीला लेखी केली, सोबत शाळांतील अडचणींची टिपणे जोडली आणि तीन वेळा भेटलो. शेवटी 'शक्यतो' गेले, पण 'उपलब्ध निधीनुसार' आले. आम्ही कोणाला पाडण्याची भाषा केली नव्हती, कारण तेवढी मते आमच्याकडे नाहीत. आम्हाला 'दबावगट' म्हटलेले मला लागते, आणि 'वशिलेबाजी' म्हटलेले तर फारच.

अपर्णा : वैशालीताई, म्हणूनच मला दोन शब्द हवे आहेत. आपण हितगट आहात, आणि लीग 1905 मध्ये दबावगट झाली होती.

श्रीधर देव : एवढी स्वच्छ रेघ मला दिसत नाही. 'पुढच्या वेळी आमच्या पालकांना सांगू' असे एखाद्या सदस्याला नुसते वाटले, तरी दबाव आलाच. शिवाय 'हितसंबंध' या शब्दाला मराठीत स्वार्थाचा वास आहे, तो 'हितगट'लाही चिकटेल.

मुकुंद : वैशालीताई, 'वशिलेबाजी' मी मागे घेतो, आपल्या कामाला तो शब्द लागू पडत नाही. मोठ्या उद्योगांसाठी मात्र मी तो ठेवणार. त्यांचे माणूस समितीत रोज बसू शकते, आपल्याला तीनच भेटी मिळाल्या.

वैशाली : मग आम्ही जे केले त्याला 'पाठपुरावा' म्हणता येईल का?

श्रीधर देव : पाठपुरावा अर्ज दिल्यानंतरचा. मजकूर सुचवणे त्यात येत नाही. मी 'लॉबिंग' तसेच ठेवले असते.

मुकुंद : परका शब्द ठेवण्यापेक्षा 'मतवळवणी' घडवावा.

अपर्णा : 'मतवळवणी'त मतदाराचे मत की सदस्याचे, हे कळत नाही. आणि 'दबावगट' एकत्र लिहावा की तोडून, यावरही संपादकांनी आज शेरा मारला आहे.