मदत हवी आहे: सहा मार्गांवरून कॉलची किंमत 11.95 येते, सूत्राने 8.52. सेल चुकलाय की मार्गच कमी आहेत?

लातूरची_सांख्यिकी

नमस्कार. एमएस्सी स्टॅटला आहे. सरांनी प्रॅक्टिकलला दिलंय: शेअर आज 100 रुपये, युरोपियन कॉलची स्ट्राइक 100, मुदत सहा महिने, व्याज वार्षिक 6 टक्के, व्होलॅटिलिटी 25 टक्के, लाभांश नाही. फक्त सहा मार्ग घेऊन मॉन्टे कार्लोने किंमत काढा आणि ब्लॅक-शोल्सच्या उत्तराशी ताडून बघा. एक्सेलमध्ये प्रत्येक मार्गासाठी हा सेल लावला:

```
=100*EXP((0.06-0.25^2/2)*0.5+0.25*SQRT(0.5)*NORM.S.INV(RAND()))
```

शेवटचे भाव आले 125.42, 93.69, 106.97, 83.52, 138.23, 103.26. त्यावरून पेऑफ 25.42, 0, 6.97, 0, 38.23, 3.26. सरासरी 12.31, ती 0.9704 ने गुणून आजच्या किमतीला आणली तर 11.95. सूत्राचं उत्तर 8.52. F9 दाबलं की सगळंच बदलतं, कधी 4 च्या आसपास, कधी 16. सर तोंडी परीक्षेत "फरक का आला" असं हमखास विचारतात. नुसतं "मार्ग कमी आहेत" म्हणून भागेल का?

पैठणगेट

ताई, हे मार्ग कुठं आहेत? तुम्ही तर एकदम सहा महिन्यांनंतरच्या भावावर उडी मारली. रोजचा भाव काढा, सहा महिन्यांचे साधारण 125 टप्पे होतील. तेवढे टप्पे घेतले की उत्तर आपोआप सूत्राजवळ येईल. आणि मार्ग सहाऐवजी निदान हजार घ्या.

मोंढा_नाका

कोणत्या शेअरचा कॉल आहे हा? मी पण मागे एक घेतला होता, शेअर वर गेला तरी प्रीमियम उतरला, ते काहून झालं अजून कळलं नाही. आणि दुसरं, चांगला शेअर वर्षाला 15 टक्के वाढतो म्हणतात, मग तुम्ही 6 टक्केच का धरले? 15 धरा की, खरा हिशेब तोच.

गोदाकाठ

सेल बरोबर आहे. RAND() मात्र प्रत्येक बदलाला हलतो, म्हणून आकडे कॉपी करून "Paste Values" ने गोठवा, नाहीतर सरांसमोर उत्तर बदलेल.

फरक कशाने आला ते तुमच्याच आकड्यांत दिसतं. 138.23 वाला एकच मार्ग बाजूला ठेवा, उरलेल्या पाचांवरून किंमत 6.92 येते. एका मार्गाने पाच रुपये हलवले. कॉलचा पेऑफ असाच असतो: बरेच मार्ग शून्य देतात आणि एखाददुसरा सगळं ओढून नेतो. तुमच्या सहा पेऑफचं प्रमाण विचलन काढा, डिस्काउंट करून 15.39 येतं. त्याला सहाच्या वर्गमुळाने भागलं की स्टँडर्ड एरर 6.28. म्हणजे तुमचं उत्तर "11.95, अधिक-उणे 6.28" असं वाचायचं. 8.52 त्यात आरामात बसतं. "मार्ग कमी आहेत" यापेक्षा हे वाक्य तोंडी परीक्षेत चालेल.

पैठणगेट, मार्ग वाढवण्याचं तुमचं बरोबर, टप्प्यांचं नाही. युरोपियन कॉल फक्त शेवटचा भाव बघतो, आणि व्याज व व्होलॅटिलिटी स्थिर धरल्यावर 125 छोट्या नॉर्मल उड्यांची बेरीज एका मोठ्या नॉर्मल उडीइतकीच असते. रँडम आकडे 125 पट लागतील, स्टँडर्ड एरर होता तिथेच राहील. कॉल मधल्या भावांच्या सरासरीवर असता, किंवा एखाद्या पातळीला शिवल्यावर बाद होणारा असता, तर टप्पे लागलेच असते.

पैठणगेट

हे पटलं. आमच्या शिकवणीत सरासरी भावावरचं उदाहरण होतं, टप्पे तिथून डोक्यात बसले. पण मग किती मार्ग म्हणजे पुरे?

गोदाकाठ

याच उदाहरणात एका मार्गाच्या डिस्काउंट केलेल्या पेऑफचं खरं प्रमाण विचलन सुमारे 12.4 रुपये आहे. 100 मार्गांना चूक सव्वा रुपयाच्या आसपास, 10,000 मार्गांना 12 पैसे. चूक दहापट कमी करायची तर मार्ग शंभरपट. फेलिम बॉयल यांनी 1977 मध्ये ऑप्शनसाठी ही रीत मांडली, तेव्हापासून हे वर्गमूळ सगळ्यांच्या मानगुटीवर आहे.

मोंढा_नाका, तुमच्या 15 टक्क्यांचं. कॉल विकणारा शेअर जवळ ठेवून आपली जोखीम मिटवू शकतो, म्हणून शेअर किती वाढेल याबद्दलच्या आशेचे वेगळे पैसे कॉलमध्ये मिळत नाहीत. ती आशा आजच्या 100 रुपयांत आलेलीच आहे. 6 ने मागे आणायचं आणि 15 ने वाढवायचं, हा मेळ बसत नाही.

ते तपासायची सोपी खूण आहे. पेऑफ सोडा, शेवटच्या भावांचीच सरासरी काढून डिस्काउंट करा. ती 100 यायला हवी. ताईंची 105.31 आली, म्हणजे त्यांचे मार्ग नशिबाने वरच्या अंगाला झुकलेले. 10,000 मार्गांवर हा आकडा 100 च्या आसपास, वीसेक पैशांच्या हेलकाव्यात यावा. 104.60 वर जाऊन थांबला तर कुणीतरी 15 टक्के टाकलेत. 101.57 वर थांबला तर सेलमधलं `-0.25^2/2` गळलंय. नशिबाचा फरक मार्ग वाढवले की आटतो, चुकीचा जागेवर राहतो.

लातूरची_सांख्यिकी

105.31 चं भारी वाटलं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण सरांनी सहाच मार्ग दिलेत. सहातच काही सुधारता येईल का?

गोदाकाठ

तुमच्या भावांवरून रँडम आकडे उलटे काढले: 1.20, −0.45, 0.30, −1.10, 1.75, 0.10. बेरीजच अधिक 1.80 आहे. आता प्रत्येकाचं चिन्ह उलटून दुसरा भाव काढा: 82.06, 109.85, 96.21, 123.22, 74.45, 99.67. यांतून पेऑफ फक्त दोन, 9.85 आणि 23.22. बाराही पेऑफची सरासरी 8.91, डिस्काउंट करून 8.65. शेवटच्या भावांची डिस्काउंट केलेली सरासरी चक्क 100.00, पण इतकी नेमकी दर वेळी येत नाही, हा योग आहे.

स्टँडर्ड एरर काढताना मात्र जपा. हे बारा स्वतंत्र आकडे नाहीत. आधी प्रत्येक जोडीची सरासरी घ्या: 12.71, 4.93, 3.49, 11.61, 19.12, 1.63. या सहांवरून काढा, 2.65 येतो. 8.65 बघून हुरळू नका, अधिक-उणे 2.65 आहेच.

विदर्भातून_जावई

जोडी न करताही जमतं. शेअर 5.31 जास्त आलाय, तर पेऑफ आणि भाव यांच्या उताराने तेवढं वजा करा. याच सहा बिंदूंवर उतार 0.75 येतो, किंमत 7.95.

गोदाकाठ

जमतं, पण उतारही त्याच सहा बिंदूंवरून काढलेला. हजार मार्गांना मी डोळे झाकून वापरेन, सहाला मन घेत नाही.

विदर्भातून_जावई

जोडीलाही सहाच स्वतंत्र आकडे आहेत की. तिथं मन कसं घेतं?

मोंढा_नाका

ते सगळं ठीक. माझा प्रीमियम का उतरला ते कुणी सांगा ना.

पैठणगेट

भाऊ, मुदत किती उरली होती? आणि घेतला तेव्हा निकाल-बिकाल तोंडावर होता का? निकाल लागला की व्होलॅटिलिटी बसते आणि प्रीमियम उतरतो. दोन्ही सांगा, मग बघता येईल.

लातूरची_सांख्यिकी

मी दोन्ही आकडे लिहिते, 11.95 आणि 8.65, आपापल्या स्टँडर्ड एररसकट. अजून एक: हे 25 टक्के सरांनी दिलेत म्हणून बरं. खऱ्या शेअरला ते कुठून घ्यायचे, मागच्या भावांवरून की बाजारातल्या प्रीमियमवरून?