मौलिक, आवाका, व्याप्ती: सिनॉप्सिसला विचारलेले तीन प्रश्न

मुठाकाठची
मी पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, दुसरं वर्ष. गेल्या आठवड्यात लघुप्रबंधाच्या आराखड्याचं सादरीकरण झालं. विषय दिला होता ‘पुणे शहरातील नद्यांच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास’. समितीतल्या एका मॅडमनी मराठीतून तीनच प्रश्न विचारले: ‘यात मौलिक काय आहे?’, ‘हे तुझ्या आवाक्यातलं आहे का?’ आणि ‘व्याप्ती कुठे ठरवली आहेस?’ पहिल्या प्रश्नावर मी तीन-चार मिनिटं नदी शहरासाठी किती महत्त्वाची आहे ते सांगत राहिले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘मी ते विचारलं नाही.’ बाकीच्या दोन प्रश्नांना मी एकच उत्तर दिलं, कारण मला ते एकच वाटले. पंधरा दिवसांनी पुन्हा उभं राहायचं आहे. या तीन शब्दांत नेमका फरक काय?

शब्दवेडा_सदाशिव
मौलिक हा शब्द मूल्यावरून आला आहे. म्हणून आपण ‘मौलिक सल्ला’, ‘मौलिक मार्गदर्शन’ म्हणतो. मॅडमनी मूल्यच विचारलं होतं, तुझं उत्तर फारसं चुकलं असं मला वाटत नाही. आणि आवाका, व्याप्ती हे समानार्थी शब्द आहेत. एक बोलीतला, दुसरा ग्रंथातला.

जुने_मास्तर
सदाशिव, अर्धं बरोबर आहे. ‘मौलिक सल्ला’ असं आपण सर्रास म्हणतो आणि तिथे अर्थ मोलाचा असाच असतो. पण शब्द आला आहे ‘मूल’वरून. मूल, त्याला इक लागून मौलिक, जसं वर्षाचं वार्षिक. मूल्य हा शब्दही त्याच मुळातून फुटलेला, म्हणून दोघांची गल्लत होते. संशोधनात मौलिक म्हणजे जे तुमच्यापासून सुरू होतं, दुसऱ्याच्या कामाची नक्कल नाही ते. मुलीने मोलाचं उत्तर दिलं, प्रश्न मुळाचा होता.

मी तीस वर्षं अशा समित्यांवर बसलो आहे. हा प्रश्न ऐकून दहातले सहा-सात जण विषयाचं महत्त्व सांगू लागतात, म्हणून तू मनाला लावून घेऊ नकोस. पण आता असं बघ. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ या नद्यांचे नमुने दरमहा घेतं आणि आकडे प्रसिद्धही करतं. तू तेच घटक त्याच पुलांखाली मोजणार असशील, तर तुझ्या आकड्यांनी काय नवं कळेल? मॅडमचा प्रश्न हा होता. एम.एस्सी.ला जगात कुणालाच माहीत नसलेलं शोधून आण असं कुणी म्हणत नाही. पद्धत जुनी असली तरी चालते, प्रश्न तुझा हवा.

मुठाकाठची
मास्तर, हे आत्ता उलगडलं. मंडळाचे आकडे मी प्रस्तावनेत दिले होते, पण ‘आधार’ म्हणून. ते माझ्या विषयाच्या आड येतात हे लक्षातच आलं नाही.

हडपसरची_वैशाली
माझंही असंच झालं होतं. मी मराठीत एम.ए. केलं, विषय ‘स्वातंत्र्योत्तर ग्रामीण कथा’. समिती म्हणाली व्याप्ती फार आहे. मग मी ‘संशोधनाच्या मर्यादा’ असं दोन पानी प्रकरण जोडलं आणि त्यात वेळ कमी होता, ग्रंथालयात अंक मिळाले नाहीत असं सगळं लिहिलं. तरी परत पाठवलं. तेव्हा ताई, मर्यादा नीट लिही म्हणजे झालं.

जुने_मास्तर
वैशालीताई, तुम्हाला परत पाठवलं ते त्यामुळेच असावं. त्यांनी कुंपण मागितलं होतं, तुम्ही अडचणी सांगितल्यात. मराठीत दोन्हींना मर्यादा म्हणतात हा आपल्या भाषेतला खरा घोळ आहे. ‘मी फक्त १९६० ते १९७५ मधले कथासंग्रह घेतले’ ही तुम्ही स्वतः आखलेली रेघ. ‘अंक मिळाले नाहीत’ ही तुमच्या कामात राहिलेली उणीव. एम.एड.च्या लघुप्रबंधांत पहिल्याला ‘परिमर्यादा’ म्हणण्याची पद्धत दिसते. मला तो शब्द फार आवडत नाही, पण फरक दाखवायला उपयोगी आहे.

सायली_कोथरूड
मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, भाषेचं फार कळत नाही. पण आवाका आणि व्याप्ती एक नाहीत एवढं नक्की सांगते. मुठाकाठची, तू किती ठिकाणं आणि काय काय मोजणार होतीस?

मुठाकाठची
दहा ठिकाणं, बारा महिने, नऊ घटक. त्यात बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, हेही होतं.

सायली_कोथरूड
म्हणजे १०८० नोंदी, एकटीने. बाकी सोड, बीओडीच बघू. आपल्याकडे ते २७ अंशांना तीन दिवस ठेवून काढतात. गटाराचं पाणी मिसळलेला नमुना थेट लावता येत नाही, पातळ करावा लागतो. किती पातळ करायचा ते आधी माहीत नसतं, म्हणून निदान दोन प्रमाणं लावायची. दर प्रमाणाला सुरुवातीची एक बाटली आणि तीन दिवसांनी उघडायच्या दोन. एका ठिकाणाला सहा बाटल्या, दहा ठिकाणांना साठ. तुमच्या लॅबमध्ये बीओडीच्या बाटल्या किती आहेत?

मुठाकाठची
चोवीस. त्याही एम.एस्सी.च्या सगळ्यांत मिळून.

सायली_कोथरूड
आणि नमुना बर्फात ठेवला तरी दुसऱ्या दिवसाच्या पुढे थांबवायचा नसतो, त्यामुळे आज चोवीस आणि उरलेल्या तीन दिवसांनी असं करता येत नाही. मॅडमनी ‘आवाक्यातलं आहे का’ विचारलं ते हे. हा प्रश्न नदी किती लांब आहे याचा नव्हता, चोवीस बाटल्यांचा होता. शिवाय बारा महिने तुझ्याकडे नाहीतच. परीक्षा आणि लिखाण सोडलं तर हातात चार-पाच महिने उरतात.

जुने_मास्तर
सायलीताईंनी फार नेमकं दाखवलं. आवाका हा शब्द दोन्ही अंगांनी चालतो. ‘विषयाचा आवाका मोठा आहे’ म्हणतो तेव्हा विषयाचा पसारा. ‘घर माझ्या आवाक्याबाहेरचं आहे’ म्हणतो तेव्हा माझी पोच. माणूस आणि काम समोरासमोर ठेवून मोजणारा शब्द आहे हा. व्याप्तीत माणूस नसतो. ती प्रश्नाची असते, करणारा कुणीही असो. म्हणून ‘पुण्यातल्या नद्या’ ही व्याप्ती एखाद्या संस्थेच्या आवाक्यात असेल, तुझ्या नाही.

तर्कशास्त्रातले दोन जुने शब्द इथे कामाला येतात. व्याख्या गरजेपेक्षा जास्त कवेत घेत असेल तर अतिव्याप्ती, जे यायला हवं ते सुटत असेल तर अव्याप्ती. हे मुळात व्याख्येचे दोष आहेत, पण आराखडा तपासताना मी तेच लावायचो. तुझं शीर्षक अतिव्याप्त आहे. घाबरून उद्या ‘एका पुलाखालचा एका दिवसाचा सामू’ असं करशील तर ते अव्याप्त होईल, त्यातून काहीच म्हणता येणार नाही.

शब्दवेडा_सदाशिव
मास्तर, मूल्याबद्दल मान्य. आवाक्याबद्दल मात्र पूर्ण पटलेलं नाही. ‘ग्रंथाचा आवाका’ आणि ‘ग्रंथाची व्याप्ती’ यांत वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही.

जुने_मास्तर
तिथे नाही जाणवत, खरं आहे. ‘आवाक्यात’ म्हटलं की जाणवतो.

मुठाकाठची
सर, सायलीताई, दोन दिवस गाईडबरोबर बसून नवा प्रश्न केला आहे. उजेड असताना शेवाळं आणि पाणवनस्पती पाण्यात ऑक्सिजन सोडतात, रात्री सगळे मिळून तो वापरतात. त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. महिन्यातून एकदा दिवसा घेतलेल्या नमुन्यात हे दिसणार नाही. म्हणून प्रश्न असा: ‘विठ्ठलवाडीजवळ मुठेच्या पाण्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पहाटे आणि दुपारी किती फरक पडतो?’ बारा रविवार, दोन वेळा, दर वेळी दोन बाटल्या. एकूण ४८. बीओडी काढून टाकलं.

सायली_कोथरूड
हे झेपेल. एका वेळी दोनच बाटल्या लागतात, आणि रसायनं घालून ऑक्सिजन जागेवरच बांधून ठेवता येतो, अनुमापन लॅबमध्ये. बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातल्यावर गाळ तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही, हे तिथेच डोळ्यांना कळतं. मात्र पुलावरून बादली सोडून पाणी बाटलीत ओतू नकोस. खळखळाटाने हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि पहाटेचा आकडा खोटाच वाढतो. तू तर पहाटेचा कमीपणाच शोधते आहेस. बाटली पाण्याखाली बुडबुडा न येऊ देता भरून, भरून वाहू देऊन, तिथेच बूच लाव. आणि पहाटे पाच वाजता नदीकाठी सोबत कोण येणार ते आराखड्यात लिही. समिती विचारेल, आणि विचारायलाच हवं.

मुठाकाठची
भाऊ येणार आहे. ते लिहायचं असतं हे माहीत नव्हतं.

जुने_मास्तर
आता माझा प्रश्न, मॅडमही हाच विचारतील. दोन्ही वेळा शून्य आलं तर?

मुठाकाठची
म्हणूनच संगमाच्या खाली न जाता विठ्ठलवाडी घेतली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मुख्यतः कालव्याने जातं, नदीत सांडपाणीच जास्त. शहर ओलांडल्यावर ऑक्सिजन उरायची शक्यता कमी, वरच्या अंगाला थोडी जास्त. जानेवारीत एक रविवार जाऊन आधी बघून येईन. दुपारीही गाळ पांढराच निघाला तर आणखी वरची जागा घेईन.

जुने_मास्तर
उत्तम. ‘आधी बघून येईन’ हे वाक्य आराखड्यात तारखेसह घाल. उत्तर काहीही आलं तरी लिहिण्यासारखं काही उरतं का, यावरून प्रश्न तगणार की नाही ते कळतं. फरक पडला नाही तर मासिक आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, निदान त्या जागी. पडला तर त्या आकड्याशेजारी नमुन्याची वेळ वाचायला हवी. दोन्हीकडून काहीतरी हाती लागतं. आता शीर्षकातून ‘अभ्यास’ हा शब्द काढून टाक. ‘एक अभ्यास’, ‘चिकित्सक अभ्यास’ असं लिहिलं की प्रश्न त्याच्या मागे लपतो, आणि लपलेल्या प्रश्नाची व्याप्ती कुणालाच ठरवता येत नाही.

हडपसरची_वैशाली
मास्तर, माझ्या शीर्षकात ‘एक चिकित्सक अभ्यास’ होतं. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एक शंका: सगळे रविवारच का? कारखाने, धुणंभांडी, रविवारचं पाणी वेगळं नसेल?

सायली_कोथरूड
वैशालीताई, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. रविवारच्या पाण्यावरून आठवड्याचं काही म्हणता येणार नाही.

मुठाकाठची
रविवारी मला आणि भावाला सुट्टी असते, एवढंच कारण होतं. मग हे मर्यादेत लिहू की परिमर्यादेत? रेघ मी आखली, पण आखली ती सुट्टीने.

शब्दवेडा_सदाशिव
परिमर्यादा. ठरवलं तू आहेस.

जुने_मास्तर
मी मर्यादेत लिहीन. ज्या कारणाचा प्रश्नाशी संबंध नाही ती रेघ नव्हे, अडचण. पण सदाशिवचंही चूक म्हणता येत नाही. शक्य असेल तर बारापैकी चार दिवस बुधवार कर, म्हणजे आठ रविवारांशेजारी ठेवून बघता तरी येईल.

मुठाकाठची
बुधवारी दुपारी प्रॅक्टिकल असतं. पहाटेचे जमतील, दुपारचे गाईडना विचारून बघते.