गोष्टीतलं बधिर पात्र आणि चाळीतली मीटिंग: सल्ला हवा

मेघना_गिरगाव

एक दीर्घकथा लिहितेय. गिरगावातली तीन मजली चाळ, पुनर्विकासाची बोलणी आणि सहा बिऱ्हाडं. नायक कुणी एक नाही, सहाही जण सारख्याच वजनाचे हवेत. त्यातली एक रेवती, वय ३६, जन्मापासून बधिर, एका पतपेढीत हिशेब बघते. धाकटा भाऊ निखिल, त्याची बायको आणि रेवती एकाच बिऱ्हाडात राहतात.

बाकीचे पाच जण भांडतात, लपवाछपवी करतात, चुकतात. रेवती मात्र देव्हाऱ्यातल्या समईसारखी झालीय. सगळ्यांचं बघते, समजून घेते, आणि शेवटच्या मीटिंगमध्ये उठून फळ्यावर एक वाक्य लिहिते की सगळे खजील होतात. मैत्रिणीला हा शेवट फार आवडला. मला तो पटत नाहीये. रेवती इतरांना शहाणं करायला गोष्टीत आलेली नको आहे. मीटिंगचा प्रसंग नव्यानं लिहायचाय. कशापासून सुरुवात करू?

दादरकर_अण्णा

फार अवघड करू नका. बधिर माणसं ओठांवरून बरोबर ओळखतात, आमच्या ऑफिसात एक होते. तिला मीटिंगमध्ये पुढच्या रांगेत बसवा, सगळे तिच्याकडे तोंड करून बोलतील असं दाखवा. मग तीही इतरांसारखीच वाद घालू शकेल.

सावली

माझे आई-बाबा दोघंही बधिर. मी घरात खुणांची भाषा बोलतच वाढले आणि आता दुभाषाचं काम करते.

अण्णा, तुमच्या सहकाऱ्यांना जमत असेल, पण ते समोरासमोर, ओळखीच्या माणसाशी, कामाच्या ठरलेल्या विषयावर. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता बाबा, मामा, पापा म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात. क, ग, ह तर आतच होतात, ओठांवर येतच नाहीत. उरलेलं अंदाजानं जुळवावं लागतं. चाळीच्या मीटिंगमध्ये कोण बोलतंय ते शोधून मान वळवेपर्यंत तिसराच माणूस सुरू झालेला असतो. आणि पुढची रांग ही तर सगळ्यात वाईट जागा, कारण मागे बसलेले दिसतच नाहीत.

मेघना, सुरुवात खोलीच्या नकाशापासून करा. मीटिंग संध्याकाळी एखाद्या खोलीत असेल आणि दार गॅलरीत उघडत असेल, तर दाराशी बसलेल्यांच्या मागून उजेड येतो आणि त्यांचे चेहरे काळे पडतात. रेवती हे आयुष्यभर करत आलीय, त्यामुळे ती लवकर येऊन दाराकडे पाठ करून बसेल. उजेड समोरच्यांच्या चेहऱ्यावर. कुणी उशिरा आलेले काका तिला "सरक जरा" अशी खूण करतील आणि ती सरकणार नाही. झालं, पात्र सुरू झालं. ती इथे समजूतदार नाही, हट्टी आहे.

दुसरं, डोळे एका वेळी एकच काम करतात. सेक्रेटरी कराराच्या प्रती वाटतात आणि बोलणंही चालू ठेवतात. बाकीचे वाचता वाचता ऐकतात. रेवतीला एकतर कागद वाचता येईल, नाहीतर माणसं बघता येतील. ती वाचत असताना हात वर झाले तर तिनं मान वर केल्यावर फक्त वर गेलेले हात दिसतील, प्रस्ताव कोणता ते नाही. शेजारणीला विचारलं की "काही नाही, नंतर सांगते." हे "नंतर" माझ्या आईनं आयुष्यभर ऐकलंय, आणि ते बहुतेक वेळा आलंच नाही.

पण तुमच्या गोष्टीतला खरा खजिना निखिल आहे. मीटिंगमध्ये तिला कोण सांगतं? तोच ना?

मेघना_गिरगाव

हो, तोच. त्याच्याशिवाय चाळीत कुणालाच खुणा येत नाहीत. खोलीची भाडेपावती वडिलांच्या नावावर आहे, ते वारलेत. ती आता कुणाच्या नावावर करायची हा विषय मी अजून उघडलेलाच नाही.

सावली

तोच उघडा. रेवतीला पावतीवर आपलं नाव हवंय, निखिलला त्याचं. आणि मीटिंगमध्ये तिचे कान म्हणजे निखिल. घरातल्या माणसाला दुभाषी केलं की तो गाळतोच. कधी कंटाळून, कधी तिला त्रास नको म्हणून, कधी स्वतःच्या सोयीनं. लहानपणी बँकेत, दवाखान्यात मी स्वतः "मॅडम ओरडल्या" हे आईला सांगायचे नाही.

आणि बधिर माणसाला हे गाळणं कळतं. सेक्रेटरींचे ओठ दोन मिनिटं हलताहेत, लोक एकमेकांकडे बघताहेत, आणि भावानं केल्या दोनच खुणा, "भाडं, नंतर." ती विचारते, "एवढंच?" तो म्हणतो, "एवढंच." इथे रेवतीनं काय करायचं ते तुम्ही ठरवा. ती भर मीटिंगमध्ये भावाला उघडं पाडेल, की गप्प राहून दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींकडून नोंदवही मागून घेईल, की आपणही त्याच्यापासून काहीतरी लपवेल? तिन्ही चालतील. साधी भोळी रेवती तेवढी चालणार नाही.

विश्राम_पै

धागा वाचून आठवलं म्हणून विचारतो. आमच्या आईचं वय ७८. गेली काही वर्षं कमी ऐकू येतं. मशीन घेतलं, पण पावसाळ्यात सारखं बंद पडतं आणि चारचौघांत बसली की काढूनच ठेवते. कुठलं मशीन घ्यावं?

सावली

विश्रामकाका, रात्री मशीन काढल्यावर बॅटरीचं दार उघडं ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. दमटपणानं बंद पडत असेल तर एवढ्यानं बराच फरक पडतो. गर्दीत काढून ठेवतात कारण मशीन पंखा, भांडी आणि बोलणं सगळंच मोठं करतं. सेटिंग बदलून मिळतं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे तपासणी करून घ्या. मशीन कोणतं ते तपासणीनंतरच ठरेल.

मेघना, या आजी आणि रेवती वेगळ्या. आजींनी ७० वर्षं ऐकलंय, त्यांचं काहीतरी गेलंय. रेवतीचं काहीच गेलेलं नाही. तिला आवाजाची आस लागल्याचं एकही वाक्य लिहू नका.

अंधेरी_स्लो

मी बधिर आहे. नऊ वर्षांचा असताना मेंदूज्वर झाला, त्यानंतर ऐकू येत नाही. मराठी आधीच पक्कं झालं होतं, खुणांची भाषा कॉलेजच्या वयात शिकलो. म्हणजे सावलीच्या आई-बाबांसारखाही नाही आणि रेवतीसारखाही नाही.

माझं म्हणणं एकच. तुमच्या गोष्टीत बधिर माणूस एकच आहे, म्हणून ती समई होतेय. रेवतीला मित्रमंडळी द्या. चाळीत ती एकटी असेल, पण सकाळी दिव्यांगांच्या डब्यात चढली की नसते. आमच्या ग्रुपमध्ये कोण कुठल्या स्टेशनला चढणार ते ठरलेलं असतं. गप्पा रंगल्या तर आपलं स्टेशन सोडून पुढे जातो आणि उलट्या गाडीनं परत येतो. कुणाचं लग्न मोडलं, कुणी उधारी बुडवली, सगळं तिथे कळतं. रेवती तिथे चुगल्या करू दे, कुणाची तरी नक्कल करू दे. निखिल एकदा त्या डब्याच्या दाराशी उभा राहिला, तर त्याला निम्मंही कळणार नाही, कारण त्याच्या खुणा घरात बनलेल्या आहेत आणि हिची मित्रमंडळी फार वेगानं बोलतात. तेव्हा मध्ये दुभाषी रेवती. तिनं भावाला किती सांगायचं आणि किती गाळायचं?

आणि तिथे तुमच्या सेक्रेटरींना खुणेतलं नाव असणार. आम्ही नाव अक्षरांनी सांगत बसत नाही, माणसाच्या एखाद्या लकबीवरून खूण ठरते. ते चष्मा वर सरकवत असतील तर तेच त्यांचं नाव, आणि त्यांना याचा पत्ताही नाही.

मेघना_गिरगाव

डब्याचा प्रसंग घेतेच. आता तिचं बोलणं कसं लिहू? खुणांचं वर्णन करू की सरळ संवाद? आणि तिचे व्हॉट्सॲप मेसेज?

सावली

सरळ संवाद. अवतरणचिन्हं, "रेवती म्हणाली", बाकीच्यांसारखंच. खुणांच्या भाषेची वाक्यरचना वेगळी आहे. "तू कुठे जातोस" मधला "कुठे" शेवटी येतो आणि प्रश्न आहे हे भुवया सांगतात. पण म्हणून संवाद तोडका लिहिलात, तर वाचकाला रेवतीच तोडकी वाटेल. तिची भाषा पूर्ण आहे, तुम्ही ती मराठीत आणताय, तर पूर्ण मराठीत आणा. हाताचं वर्णन फक्त जिथे हातामुळे काही घडतं तिथे. पीठ मळताना भांडण आलं तर हात धुवेपर्यंत उत्तर देता येत नाही. समोरच्यानं पाठ फिरवली तर भांडण तिथेच तुटतं.

मेसेज मात्र मी वेगळे लिहीन. माझी आई लिहिते, "मी उद्या बँक जाणार नाही, पाय दुख." मराठी ही तिची दुसरी भाषा आहे आणि शाळेत तिचे बरेच तास उच्चार घोटण्यात गेले. तीच आई खुणांमध्ये कुणालाही निरुत्तर करते. दोन्ही एका पानावर आलं तर वाचकाला माणूस कळतो.

अंधेरी_स्लो

इथे मी सावलीशी सहमत नाही. सावली तिच्या आईला ओळखते, वाचक रेवतीला ओळखत नाही. पहिला असा मेसेज दिसला की तो तिला कमी शिकलेली धरून बसेल, आणि पुढची दहा पानं ते पुसण्यात जातील. चांगलं मराठी लिहिणारे बधिर लोकही आहेत. ती पतपेढीत रोज पत्रं बघते, तिला नीट लिहू द्या.

सावली

नीट लिहिणारे आहेतच. पण आईसारखं लिहिणाऱ्यांना गोष्टीतून वगळायचं, कारण वाचक चुकीचा ग्रह करून घेईल? मला ते पटत नाही. माझं मत कायम.

मेघना_गिरगाव

यावर अजून विचार करते. मीटिंगचा नवा तुकडा बघा:

"निखिलचे हात थांबले. सेक्रेटरी अजून बोलतच होते. 'पुढे?' रेवतीनं विचारलं. 'तेच तेच.' समोरच्या कुलकर्णीबाईंनी एकदा रेवतीकडे, एकदा निखिलकडे बघितलं आणि मान खाली घातली. रेवतीनं निखिलच्या हातातली प्रत ओढून घेतली. तिचे बोलके डोळे आता आग ओकत होते. तिसऱ्या पानावर खोलीच्या क्रमांकापुढे फक्त त्याचं नाव होतं."

अंधेरी_स्लो

"बोलके डोळे" काढा. बाकी पाच जणांच्या डोळ्यांबद्दल एवढं लिहिलंय का? कुलकर्णीबाई आवडल्या. त्यांना माहीत आहे आणि त्या गप्प आहेत.

दादरकर_अण्णा

आरशासमोर करून बघितलं. खरंच तिन्ही सारखे दिसतात. पण मग फळ्याचा शेवट जाणार का? मला तो आवडला होता. तिला सगळ्यांसमोर एकदा तरी बोलायला मिळावं.

सावली

फळा राहू दे अण्णा, पण तिथे तिनं शहाणपण नको, मागणी लिहावी. "पावतीवर माझं नाव. तोवर सही नाही." त्यानं काहींची अडचण होईल, काही चिडतील, बिल्डरचा माणूस घड्याळ बघेल.

अंधेरी_स्लो

मी फळाच काढून टाकीन. तिला सही अडवायची आहे ना, मग मीटिंगला न येताही अडवता येते. आणि मेघना, लिहून झाल्यावर दोघा-तिघा बधिर वाचकांना दाखवा, मानधन देऊन. एकाच्या मतावर जाऊ नका, माझ्याही नाही.

मेघना_गिरगाव

शेवट डब्याचा प्रसंग लिहिल्यावरच ठरवेन. एक शंका, दादरला गर्दी चढली की मध्ये माणसं उभी राहतात. मग गप्पा थांबतात का?

अंधेरी_स्लो

नाही. हात डोक्याच्या वर जातात. एक हात दांडीला अडकलेला असतो, म्हणून दोन हातांची खूण एका हातानं होते, उरलेलं समोरचा समजून घेतो. कुणी मोठी बॅग घेऊन मध्येच उभा राहिला तर त्याच्या खांद्यावर टिचकी मारून त्याला सरकवतात. आणि उतरलेला माणूस प्लॅटफॉर्मवरून, गाडी हलेपर्यंत, खिडकीतल्याशी बोलत असतो.