मदत हवी आहे: हत्तीच्या घड्याळातलं बुडालेलं भांडं वर कसं येतं?

खटपट्या: अल-जझारीने 1206 साली दियारबकिरच्या अर्तुकी दरबारात पूर्ण केलेल्या ग्रंथात हत्तीचं घड्याळ आहे. गणपतीच्या हलत्या देखाव्यासाठी मोटर न लावता ते करतोय. हत्तीच्या पोटात टाकी, तिच्यात बारीक भोकाचं तरंगतं भांडं. अर्ध्या तासाने ते बुडतं, दोरी खेचली जाते, मनोऱ्यातली गोळी ससाण्याच्या चोचीतून सापाच्या तोंडात पडते. साप झुकला की शेपटीच्या साखळीने भांडं वर यायला हवं. माझं काठ पाण्याबाहेर येताच अडकतं. भांडं 150 ग्रॅमचं, पाणी मावतं 300 मिली, गोळी 200 ग्रॅमची, सापाच्या दोन्ही बाजू सारख्या.

बंड्या: सोपं आहे, गोळी जड करा. 500 ग्रॅमची घ्या.

मीनलताई: आमच्याकडे आजोबांचं लग्नातलं घटिकापात्र आहे. 24 मिनिटांत बुडायचं, आता अर्धा तास घेतं. तुमचंही तसंच झालंय का?

जुनाफिटर: ताई, तुमच्या भोकात क्षार साचलेत. चिंचेच्या पाण्यात भिजवा, पण सुई घालू नका, भोक मोठं झालं की वेळ कायमची बिघडते.

खटपट्या, बंड्याच्या गोळीने भांडं उचललं जाईल, पण तेवढ्या दणक्याने सापाचा आस झिजेल. पाण्याखाली असेपर्यंत आतल्या पाण्याचं ओझं साखळीवर येत नाही, नुसतं तांब्याचं येतं, तेही 130 ग्रॅमच्या आसपास. काठ वर आला की एकदम 450 ग्रॅम. म्हणून भांडं सरळ उचलायचंच नाही. त्याची एक कड टाकीच्या भिंतीला कड्यांनी अडकवा, साखळी समोरच्या कडेला. भांडं कलंडत वर येतं, पाणी आपोआप सांडतं आणि अर्धं ओझं कड्या घेतात. मूळ रचनेतही भांडं असं बांधलेलंच आहे.

बंड्या: पण उन्हाळ्यात दिवस मोठा, तेव्हा वेळ रोज बदलत असणार ना?

जुनाफिटर: तशी सोय त्याच्या किल्ल्याच्या घड्याळात आहे, तिथे पाण्याची धार कमी-जास्त करता येते. इथे भोक ठरलेलं, वेळही ठरलेली.

खटपट्या: कड्या लावल्या, भांडं वर येतंय! पण हत्तीवरच्या माहुताचा पहिला ठोका अर्ध्या तासाने, दुसरा वीस मिनिटांतच.

जुनाफिटर: म्हणजे भांडं पूर्ण रिकामं होण्याआधीच साप गोळी टाकतोय. भांडं थोडं पाणी घेऊनच परत तरंगतं, मग लवकर बुडणारच. सापाच्या खालच्या ओठाला किंचित उठाव द्या, म्हणजे तो आणखी झुकल्यावरच गोळी घरंगळेल. शेपटीचं वजनही बघा. रिकामा साप वर जाईल इतकंच ठेवा, जास्त झालं तर ते गोळीच्याच जोरातून वजा होतं.

खटपट्या: ओठ करून बघतो. एक राहिलं: त्याच्याकडे दोन साप आळीपाळीने चालतात. मी एकच ठेवला तर माहुताचा हात दर वेळी पूर्ण उचलला जाईल का?

जुनाफिटर: माहुताची दोरी कुठे बांधलीय, त्याचा फोटो टाका. त्याशिवाय सांगता येणार नाही.